कामाची फोड कोठवर करावी?

मोठे काम तुकड्यातुकड्यांनी करावे, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तुकडे पाडणे कोठे थांबवावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. व्यवस्थापनशास्त्रातील अशा फोडीस आपण 'कार्यविभाजन-रचना' म्हणू. १९६२ साली अमेरिकेचे संरक्षण खाते व 'नासा' ही अवकाशसंस्था यांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत तिचे विवेचन आहे. तिचे स्वरूप आपण शालेय वार्षिक अंकाच्याच उदाहरणाने पाहू.

समजा, ६४ पानांचा अंक स्नेहसंमेलनाच्या दिवशी वाचकांच्या हाती द्यावयाचा आहे. 'अंक' हे मूळ धरून त्याच्या पाच शाखा काढू : साहित्य, चित्रे, जाहिराती, छपाई व बांधणी, आणि वितरण. शाखांना शक्यतो वस्तूंचीच नावे द्यावीत. म्हणजे शेवटी हाती काय यावयाचे, ते स्पष्ट राहते. दुसरा नियम असा की, पोटशाखांची बेरीज मूळ शाखेइतकीच भरली पाहिजे. 'जाहिराती' या शाखेखाली केवळ 'जाहिरातींचा मजकूर' एवढेच लिहिले, तर त्यांचे पैसे वसूल करणे कोणाच्याच वाट्यास येत नाही. आणि छापखान्याचे बिल आले म्हणजे ही उणीव उघडकीस येते.

आता 'साहित्य' शाखेतील मुद्रितशोधन घेऊ. ते एकसंध ठेवले, तर चौकशी केली की प्रत्येक वेळी 'चालू आहे' एवढेच उत्तर मिळेल, आणि काम मागे पडल्याचे अखेरच्या आठवड्यात कळेल. उलट पानागणिक फोड केली, तर ६४ नोंदी होतील व त्या सांभाळण्यातच शोधनाचा वेळ खर्ची पडेल. छापखान्यात १६ पानांचा एक फर्मा धरला जातो. त्या हिशेबाने चार फर्मे होतात. एक फर्मा एका विद्यार्थ्याकडे सोपविता येतो. त्यास सुमारे दोन दिवस लागतील, असा अंदाज बांधता येतो. आणि तपासलेला फर्मा सहीनिशी परत आला की नाही, याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येते. जबाबदार व्यक्ती एक, वेळेचा अंदाज शक्य आणि पूर्णतेची खूण निःसंदिग्ध, या तिन्ही गोष्टी साधल्या की फोड तेथेच थांबवावी.

एक तुकडा आठ तासांहून लहान नसावा व ऐंशी तासांहून मोठा नसावा, असा एक ठोकताळा काही व्यवस्थापक सांगतात. तो मोठ्या कामांसाठी आहे. आपल्या अंकासाठी वरची मर्यादा एक आठवडा पुरे. सर्व शाखा सारख्याच खोल जाव्यात, असेही नाही. मुखपृष्ठ छायाचित्राचे की रेखाचित्राचे, हे ठरलेले नसताना त्याची बारीक फोड करणे व्यर्थ होय. निर्णय झाल्यावर ती करावी.

मात्र ही रचना कामांचा क्रम दाखवीत नाही. शुद्ध फर्मा छपाईच्या आधी हवा, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी तारखांचे वेळापत्रक निराळे मांडावे लागते. ते मांडण्यास लागणारी कामांची पूर्ण यादी तेवढी ही रचना आपल्या हाती देते.