थंडीत इडलीचं पीठ का बसतं? चूक उडदाची नाही, तापमानाची आहे

डिसेंबर लागला की अंबरनाथ एमआयडीसीतल्या नाश्तावाल्यांकडून एकच तक्रार येते. मे महिन्यात रात्री झाकलेलं पीठ पहाटे भांड्याबाहेर यायचं, आता सकाळच्या शिफ्टची वेळ झाली तरी ते जागचं हलत नाही. मग दुकानदाराला बोल लावायचा, नाहीतर सोडा वाढवायचा. सोड्याने इडली फुगते, पण आंबलेली चव येत नाही आणि जास्त झाला तर साबणासारखी लागते. गिऱ्हाईक हे लगेच ओळखतं.

आता बघा, पीठ फुगवणारे जीवाणू मुख्यतः उडदाच्या डाळीबरोबरच येतात. ते पिठातली साखर खाऊन आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतात. उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो, म्हणून पीठ वर येतं. या जीवाणूंना साधारण 28 ते 32 अंश मानवतं. 20 च्या खाली ते मरत नाहीत, फक्त फार सावकाश काम करतात. वायू इतका हळू बनतो की बराचसा निसटून जातो. कालचं पीठ विरजणासारखं घातलं तर जीवाणू वाढतात, पण गारठ्यात तेही सुस्तच.

म्हणून ऊब पिठातच घालायची. समजा 4 किलो तांदूळ, 1 किलो उडीद आहेत आणि शेडमध्ये 20 अंश आहे. उडीद साध्या पाण्यातच वाटा, सुमारे 2 लिटर लागेल. गरम पाण्यात तो हवा तसा हलका होत नाही. भिजवलेले तांदूळ मात्र 50 अंशांच्या अडीच लिटर पाण्यात वाटा. दोन्ही एकत्र केलं की पीठ 28 अंशांच्या आसपास येतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवून बघाच, अंदाजावर धंदा नको. पाणी उकळतं नको, तांदळाचा स्टार्च शिजून पिठाची पेज होते.

पुढचा प्रश्न ऊब टिकवायचा. स्टीलचा डबा गार लादीवर ठेवला तर कडेचं आणि तळाचं पीठ आधी थंड होतं, मधलं तेवढं फुगतं. डब्याखाली लाकडी फळी किंवा दुमडलेलं पोतं घाला, बाजूने गोधडी गुंडाळा. शक्य असेल तर थर्माकोलच्या बंद पेटीत ठेवा.

घड्याळावर जाऊ नका. पीठ ओतल्यावर डब्याला बाहेरून खडूची खूण करा. उंची दीडपट ते दुप्पट झाली, आत जाळी दिसली आणि वास आंबूस पण ताजा असला की तयार. उन्हाळ्यात याला 8 तास लागतात, थंडीत ऊब देऊनही 12 धरा. सकाळी सहाला पीठ तयार हवं असेल तर वाटण संध्याकाळी सहालाच उरकायला हवं. आंबट वास येतोय पण पीठ चढलेलं नाही, असं असेल तर आणखी थांबू नका. ते फक्त जास्त आंबेल. त्याचे डोसे किंवा उत्तपे काढा, इडलीला ते चालणार नाही.