ओटा ३६ इंचांचा की ३० इंचांचा? आधी जमिनीपासून कोपर मोजा!

सात रस्ता परिसरातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर यंदा नव्याने करायला घेतलं. पहिल्याच दिवशी ट्रॉलीवाल्याने विचारलं, "ताई, ओट्याची हाइट ३६ धरू ना? सगळीकडे तेवढीच असते." प्रश्न मला विचारला होता. रोज सकाळी त्या ओट्यावर बारा-पंधरा भाकरी थापते ती मात्र आई. तिला विचारल्यावर तिने एवढंच सांगितलं, "आत्ताच्या ओट्यावर भांडी घासताना कंबर धरते. पण उंच केलात तर भाकरी कशी थापू?"

तिच्या या वाक्यातच सगळी अडचण होती. भाजी चिरणं, भाकरी थापणं, गॅसवर परतणं आणि भांडी घासणं ही सगळी कामं एकाच ओट्यावर होतात. पण प्रत्येक कामात हात वेगळ्या उंचीवर चालतो.

३६ इंच कुणाच्या मापाचे?

३६ इंच हे अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत रूढ झालेलं माप. तिथेही लिलियन गिलब्रेथ या औद्योगिक अभियंता बाईंनी १९२०च्या दशकातच सांगितलं होतं, की ओट्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या उंचीवरून ठरवावी. आपल्याकडे कॅटलॉगमध्ये आकडा आला, ही गोष्ट आली नाही.

माप घेणं सोपं आहे. घरात जी चप्पल घालता तीच घालून सरळ उभं राहा, खांदे सैल सोडा आणि कोपर काटकोनात वाकवा. मग जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. आईची उंची पाच फूट, तिचं कोपर भरलं साडेसदतीस इंचांवर. चिरण्या-निवडण्यासाठी ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली लागतो, म्हणजे तिच्यासाठी साधारण ३२ ते ३४ इंच. थापणं, मळणं यात वरून जोर द्यावा लागतो, म्हणून तिथे सात-आठ इंच खाली हवं. म्हणजे तीसच्या आसपास.

आता गॅस. टेबलावर ठेवायच्या शेगडीचा जाळ ओट्यापासून चार-पाच इंच वर असतो. ओटा ३६चा केला तर तवा जातो ४१ इंचांवर, आईच्या कोपराच्याही वर. भाकरी उलटताना प्रत्येक वेळी खांदा उचलावा लागणार. सिंकचं नेमकं उलट. तिथे हात ओट्यावर नसतो, तळाशी असतो. आमच्या जुन्या घरात ओटा आधी ३१ इंचांचा होता. नंतर शहाबादी फरशीवरच टाइल्स बसवल्या आणि तो २९ झाला. त्यात सिंक नऊ इंच खोल. म्हणजे आई इतकी वर्षं २० इंचांवर, जवळजवळ गुडघ्याच्या उंचीला वाकून भांडी घासत होती.

दोन दिवस टेबलावर भाकरी

आकडे कागदावर पटले तरी दगड एकदा कापला की परत जोडता येत नाही. म्हणून आधी करून पाहिलं. डायनिंग टेबल साधारण ३० इंचांचं असतं. आमचंही तेवढंच निघालं. आईने दोन दिवस परात टेबलावर ठेवून भाकरी थापल्या. चिरण्यासाठी त्याच टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांचे चार इंची गठ्ठे रचले, वर लाकडी फळी. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "थापायला हेच बरंय. चिरायला वरचं." ट्रॉलीवाल्याला मग नव्याने चित्र काढावं लागलं.

ठरलं ते असं. सिंक आणि चिरण्याची बाजू ३४ इंचांवर. गॅस आणि त्याला लागून परातीची जागा मिळून पाच फुटांचा भाग ३० इंचांवर, कारण भाकरी परातीतून थेट तव्यावर जाते. शेगडीचा जाळ त्यामुळे ३५ इंचांच्या आत राहतो. सिंक आठ इंच खोल घेतलं, त्याचा तळ आला २६ इंचांवर. वाकणं पूर्ण गेलं नाही, पण सहा इंचांनी कमी झालं. सात इंची सिंकने आणखी फरक पडला असता, पण त्यात कुकर आणि मोठं पातेलं धुताना पाणी अंगावर उडतं.

सिंक आणखी दोन इंच वर घ्यायचा मोह झाला होता. पण ओट्याला तीन पातळ्या म्हणजे दोन सांधे, आणि प्रत्येक सांध्यात पीठ-तेल अडकणार. एक पायरी पुरे.

वहिनी पाच फूट पाच इंच. तिला ३४ थोडं कमी पडतं. ती दोन इंच जाड लाकडी पाटावर चिरते आणि काम भागतं. ओटा वर उचलायला पाट असतो, खाली न्यायला काही नसतं. ठेंगण्या बाईने पाटावर उभं राहून स्वयंपाक करावा हा उपाय मला धोक्याचा वाटतो. हातात गरम कढई असताना पाटावरून पाय घसरला तर?

खोली आणि सिंकची जागा

ओट्याची खोली २४ इंच पुरते. पाच फुटांच्या बाईचा हात न वाकता सोळा-सतरा इंचांपर्यंतच सहज जातो. मागची जागा डबे, मिक्सर आणि माठासाठी. शहरात रोज पाणी येत नसल्याने आमच्याकडे माठ आणि कळशी ओट्यावर कायमचीच. ती सिंकच्या मागच्या कोपऱ्यात बसवली, म्हणजे पुढची जागा मोकळी राहते.

सिंक ओट्याच्या पुढच्या कडेपासून किती आत आहे हे फारसं कुणी पाहत नाही. कटर मारणारे ते पाच-सहा इंच आत घेतात, कारण पुढची पट्टी अरुंद ठेवली की ग्रॅनाइट तडकतं. पण मग तेवढं पुढे झुकावं लागतं. आम्ही तीन इंच ठेवलं आणि त्या पट्टीखाली लोखंडी अँगल दिला. खाली पायांसाठीही जागा हवी. ट्रॉलीचा तळ तीन-चार इंच आत घेतला नाही, तर बोटं लाकडाला टेकतात आणि माणूस मागे उभा राहून वाकतो.

सिंक आणि गॅसमध्ये किमान दोन फूट ठेवा. तिथेच चिरणं होतं आणि ओल्या भांड्यांचं पाणी गरम तेलात उडत नाही. सिंक भिंतीच्या कोपऱ्यात नको, एक कोपर भिंतीला आपटतं. सिंकचा मध्य भिंतीपासून पंधरा इंच तरी असावा. जुन्या जागेवरून सिंक हलवणार असाल तर सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो. दर चाळीस इंचांना एक इंच धरला तर सहा फूट हलवायला जवळपास दोन इंच. जुनं भोक तेवढं खाली नसेल, तर सिंक हलवू नका. पाणी तुंबत राहील.

माप कुठून धरायचं?

शेवटची चूक आमच्याही घरात होता होता राहिली. मिस्त्रीने कोब्यापासून ३४ मोजून खूण केली होती. वर टाइल आणि मालाचा थर मिळून दोन इंच येणार होते, म्हणजे हातात ३२चा ओटा आला असता. खूण तयार फरशीपासून धरायला सांगा. दगडाची जाडीही वजा करा. खाली कडप्पा, वर ग्रॅनाइट आणि मधला माल मिळून पावणेदोन इंच होतात, म्हणजे ३४ इंचांसाठी आधाराच्या भिंती सव्वाबत्तीसवर थांबायला हव्यात. आमच्या मिस्त्रीने भिंतीवर निळ्या खडूने दोन रेघा मारल्या आणि टाइल्स बसेपर्यंत आईने त्या पुसू दिल्या नाहीत.