दहावीच्या शेवटच्या महिन्यातली उजळणी

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ चा पेपर ४० गुणांचा असतो आणि वेळ दोन तास. पुस्तकात दहा प्रकरणे आहेत. ती पुन्हापुन्हा वाचली की सगळे ओळखीचे वाटू लागते आणि मुले फसतात ती इथेच. ओळखीचे वाटणे वेगळे आणि कोऱ्या कागदावर लिहिता येणे वेगळे. म्हणून वेळापत्रकात तासांपेक्षा न बघता लिहिण्याच्या तारखा मांडाव्यात. त्यासाठी वहीचे एक पान असे आखता येते:

प्रकरण | वाचन | पहिले लेखन | दुसरे | तिसरे | चुका
भिंगे | १ फेब्रु. | २ | ५ | १२ | u चे चिन्ह

दोन लेखनांमधले अंतर मुद्दाम वाढवलेले आहे. थोडे विसरल्यावर आठवायला जे कष्ट पडतात, त्यांनीच ते पक्के होते. सगळ्यात मोलाचा रकाना शेवटचा. समजा, १० सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगापासून वस्तू ३० सेंमीवर आहे. 1/v − 1/u = 1/f या सूत्रात u = −30 घेतले, तर प्रतिमा १५ सेंमीवर येते. चिन्ह विसरले, तर उत्तर साडेसात येते. सूत्र पाठ असूनही गुण जातात ते अशा जागी. त्यामुळे ५ तारखेला अख्खे प्रकरण परत वाचण्याऐवजी चिन्हांची चार उदाहरणे सोडवणे जास्त उपयोगाचे.

दिवसा वाचलेले झोपेत मेंदूत पक्के बसते. या वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. जागरणासाठी घेतलेल्या चहाचा परिणाम कित्येक तास टिकतो, म्हणून संध्याकाळनंतर तो टाळावा. सकाळचा पेपर अकराला सुरू होतो. निदान आठवडाभर आधीपासून त्या वेळी लेखनाचा सराव ठेवावा.

धडधड, ओले तळवे, पोटात गोळा ही भीतीची शारीरिक लक्षणे आहेत. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सावकाश सोडावा. असे पाच मिनिटे. चक्कर आली, तर श्वास फार जोराने घेतला जातो आहे असे समजून थांबावे. हा सराव रोज घरी झालेला असेल, तरच परीक्षेच्या खोलीत कामी येतो. पेपर हातात आल्यावर काहीच आठवेना, तर पेन खाली ठेवून असे पाच श्वास घ्यावेत आणि हमखास येणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी.

मात्र झोप व भूक बरेच दिवस उडाली असेल, तर श्वासावर विसंबून राहू नये, डॉक्टरांना दाखवावे. मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलले, तर एक दिवसही थांबू नये. पालकांनी त्याला एकटे सोडू नये. ‘टेली मानस’ ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.