बाई आजारी आहेत, तास नाही: मग मुलांनी काय करायचं?

तालुक्याच्या गावातला दहावीच्या गणिताचा क्लास. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी ७ ची बॅच. निम्मी मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. बुधवारी संध्याकाळी बाईंना ताप भरतो आणि डॉक्टर दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगतात. गुरुवारचा तास होणार नाही, हे आता मुलांना कळवायचं आहे.

निरोप रात्री ८ च्या आत गेला पाहिजे. सकाळी ६ ला पाठवला, तर खेड्यातली मुलं तोवर थांब्यावर उभी असतात. शिवाय फोन बहुधा वडिलांचा किंवा आईचा असतो. म्हणून पहिली ओळ पालकाने वाचली तरी पुरेशी व्हावी. ‘उद्या’ हा शब्द तिथे टाळावा, कारण रात्रीचा निरोप कुणी सकाळी उघडला तर त्याचा उद्या शुक्रवार होतो. वार आणि तारीख दोन्ही लिहावं. आजाराबद्दल एक वाक्य पुरतं. निरोप असा असू शकतो:

‘गुरुवार, १० जुलैचा सकाळी ७ चा गणिताचा तास होणार नाही. मला ताप आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. त्या वेळेत घरी सोबतची पाच गणितं सोडवा, अर्धा तास पुरेल. वही शनिवारी आणा. शनिवारचा तास नक्की आहे का, ते शुक्रवारी संध्याकाळी ७ ला कळवते.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ताप कधी उतरेल हे आज सांगता येत नाही. फ्लूसारख्या आजारात औषध न घेता २४ तास ताप नसेल, तरच मुलांमध्ये जावं. त्यामुळे तासाचा शब्द न देता कळवण्याची वेळ द्यावी आणि ती पाळावी.

आता स्वाध्याय. ‘पुढचा भाग वाचून ठेवा’ असं सांगितलं की हुशार मुलं गाइड उघडतात आणि बाकीची वही मिटतात. इथे वर्गसमीकरणं चालू आहेत. अवयव पद्धत शिकवून झाली आहे, गुरुवारी पूर्ण वर्ग पद्धत शिकवायची होती. नवी पद्धत घरी लादण्यापेक्षा तिची गरज मुलांना जाणवेल अशी गणितं निवडावीत:

१) x² + 6x + 5 = 0
२) x² − 7x + 12 = 0
३) 2x² + 5x − 3 = 0
४) (x + 3)² चा विस्तार करा.
५) x² + 6x + 4 = 0. अवयवांच्या सगळ्या जोड्या आणि त्यांची बेरीज लिहा. अडलात तर तिथेच थांबा.

पहिली तीन अवयवांनी सुटतात. पाचवं सुटत नाही. १ आणि ४ ची बेरीज ५ येते, २ आणि २ ची ४. ऋण जोड्या घेतल्या तर बेरीजही ऋण. ६ काही मिळत नाही. चौथ्याचं उत्तर मात्र x² + 6x + 9 आहे, म्हणजे पाचव्यात दोन्ही बाजूंना 5 मिळवले की (x + 3)² = 5 होतं. हे शनिवारी फळ्यावर पाच मिनिटांत दाखवता येतं, कारण अडलेली जागा मुलांनी आधीच पाहिलेली असते.

गणितं फोनवर टाइप करू नयेत. वरचा २ खाली उतरला की x चा वर्ग आणि x ची दुप्पट यांत घोळ होतो. कागदावर ठळक लिहून फोटो पाठवावा.

राहिलं वेळापत्रक. आधीचा बेत होता गुरुवारी पूर्ण वर्ग, शनिवारी सूत्र पद्धत आणि मंगळवारी चाचणी. शनिवारी दोन्ही पद्धती एकदम उरकण्याचा मोह होतो, पण मग मुलं दोन्हींची सरमिसळ करतात. त्यापेक्षा सगळं एकेक तास पुढे सरकवावं:

शनिवार, १२ जुलै: पूर्ण वर्ग पद्धत
मंगळवार, १५ जुलै: सूत्र पद्धत
गुरुवार, १७ जुलै: चाचणी

शनिवारही हुकला तर हाच क्रम आणखी एक तास पुढे जातो. चाचणीची बदललेली तारीख वेगळ्या ओळीत लिहावी, कारण मुलं आधी तीच शोधतात.

शनिवारी वह्या बघताना पाचवं गणित आधी पाहावं. जोड्यांची खाडाखोड दिसली, तर मुलाने स्वतः झगडून पाहिलं आहे. थेट −3 ± √5 हे उत्तर असेल आणि वर काहीच नसेल, तर ते बहुधा गाइडमधून उतरवलेलं आहे. रागावू नये. त्या मुलाला फळ्याशी बोलवावं आणि 4 च्या जोड्या त्याच्याकडूनच लिहून घ्याव्यात.