आधी वर्गणी, मग वस्तू

ऑफिसात कुणाचं लग्न ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘काय द्यायचं?’ माझ्या मते घोळ इथेच सुरू होतो. वस्तू आधी ठरली की तिच्या किमतीला माणसांनी भागलं जातं, आणि माणशी आकडा सगळ्यांच्या माथी बसतो. आमच्या विभागात एकदा असंच माणशी ५०० ठरलं. ग्रुपवर एकेकाच्या नावापुढे ‘दिले’ची खूण पडू लागली. चहा देणाऱ्या मावशींचं नाव शेवटपर्यंत कोरं राहिलं. चौथ्या दिवशी त्यांनी घडी घातलेल्या शंभराच्या पाच नोटा आणून दिल्या. कुणाकडून तरी उसन्या घेतल्या होत्या, हे नंतर कळलं. ते मला अजून खुपतं.

गेल्या वर्षी लेखा विभागातल्या मुलीच्या लग्नात आम्ही क्रम उलटा केला. बाराजणांना एकेक कोरं पाकीट दिलं. त्यावर नाव घालायचं नाही, जमेल ते आत घालून खोक्यात टाकायचं. ऑनलाइन देणाऱ्यांनी गोळा करणाऱ्या एकीलाच पाठवायचं, ग्रुपवर आकडा लिहायचा नाही. जमले ४,८५० रुपये. कार्डावर मात्र बाराही नावं, हुद्दा न लावता.

आता वस्तू. मोठं घड्याळ आणि डिनर सेट हे आहेरात हमखास दोनदा येतात. म्हणून तिच्याशेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने तिलाच सरळ विचारलं. लग्नानंतर दोघं भाड्याच्या घरात राहणार होती, कुकर माहेरून येणार होता, मिक्सर नव्हता. ३,७०० चा मिक्सर घेतला, कार्ड आणि वेष्टनाला १४९ गेले आणि उरलेले १,००१ पाकिटात घातले. वरचा एक रुपया आपोआप जुळला, याचा सगळ्यांना आनंद झाला. किमतीची चिठ्ठी काढली, पण खोका फोडला नाही आणि बिल टाकून दिलं नाही. बिल न् वॉरंटी कार्ड वेगळ्या पाकिटात घातलं. दुसरा मिक्सर आलाच तर दुकानदार बंद खोका बिलावर बदलून देईल, हे खरेदी करतानाच विचारून घेतलं होतं.

द्यायचं कुठे? पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं होतं. शिवाय कार्यालयात स्टेजसमोरच्या रांगेत जड खोका घेऊन उभं राहायचं, फोटो निघायचा आणि खोका कोपऱ्यात जायचा. लग्न सांगलीला, तिथे बारापैकी चौघंच जाणार होते. म्हणून तिची रजा सुरू होण्याआधीच्या शुक्रवारी ऑफिसातच केळवण केलं. डब्यातले पदार्थ, वर श्रीखंड.

साहेबांनी हातात द्यावं अशी रीत आहे. साहेब दोन शब्द बोलले, पण भेट मावशींनी दिली. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी ती रडवेली झाली तेव्हा तिला चहा देऊन बाजूला बसवणाऱ्या त्याच होत्या. मावशींनी कुंकू लावलं, खोका पुढे केला. ती पाया पडायला वाकली आणि मावशींना खोका कुठे ठेवावा ते सुचेना, तेव्हा साहेबांनीच तो धरला.