गेम बंद पडतो, संशय बारवर

संगणक वर्षभर बिनतक्रार चाललेला असतो. मग कुणीतरी सांगतं, ‘बायोसमध्ये रिसायझेबल बार चालू कर, चार फ्रेम फुकटात वाढतील.’ चालू केल्यावर बाकीचे गेम नीट चालतात, एखादा मात्र अर्ध्या-पाऊण तासाने काही न सांगता थेट डेस्कटॉपवर आणून सोडतो. दोष कुणाचा, हे उघडच वाटतं. पण बार बंद करणं दोन मिनिटांचं काम असलं तरी त्यावरून योग्य निष्कर्ष काढणं तेवढं सोपं नाही.

ग्राफिक्स कार्डावर स्वतःची मेमरी असते, आजकाल 8 किंवा 12 जीबी. प्रोसेसरला मात्र तिच्याकडे वर्षानुवर्षं 256 एमबीच्या एका तुकड्यातूनच पाहता येत असे. मोठ्या गोदामाला एकच छोटी खिडकी असावी आणि माल आत टाकण्यासाठी ती सतत सरकवत राहावी, तसा हा प्रकार. रिसायझेबल बारमुळे ती खिडकी गोदामाएवढी होते. पीसीआय एक्स्प्रेसच्या नियमांत ही सोय आधीपासून होती. घरगुती संगणकांत ती गाजली 2020च्या अखेरीस, एएमडीने ‘स्मार्ट अ‍ॅक्सेस मेमरी’ या नावाने ती आणली तेव्हा. 2021मध्ये एनव्हिडियानेही आपल्या 30 मालिकेतल्या कार्डांना ती दिली.

एनव्हिडियाने ती सरसकट सगळ्या गेमना लागू केली नाही. काही गेम या सोयीने उलट मंदावतात, म्हणून ड्रायव्हरमध्ये कंपनीने तपासलेल्या गेमची यादी असते आणि त्यांच्यासाठीच बारचा वापर होतो. त्यामुळे एनव्हिडियाचं कार्ड असेल तर पहिला प्रश्न बायोसचा नाहीच. ‘प्रोफाइल इन्स्पेक्टर’ नावाच्या बाहेरच्या साधनातून यादीत नसलेल्या गेमवर तुम्ही बार जबरदस्तीने लादला आहे का? तसं असेल तर त्या गेमची प्रोफाइल मूळ स्थितीत आणा आणि मगच पुढे जा. निर्मात्यांनी न तपासलेल्या वाटेने गेम चालवला आणि तो कोसळला, तर त्यात नवल नाही.

आता एक नमुना घेऊ. बी450 मदरबोर्ड, रायझन 5 5600एक्स आणि 8 जीबीचं आरटीएक्स 3070. अशा जुन्या बोर्डावर बारची सोय नव्या बायोसमधून आली, म्हणजे आधी बायोस अद्ययावत करावा लागला. त्याने जुन्या सेटिंग पुसल्या गेल्या. मग मेमरीचा एक्सएमपी पुन्हा चालू केला, सीएसएम बंद केलं, ‘Above 4G Decoding’ चालू केलं आणि शेवटी बार. कार्डाचाही बायोस बदलावा लागला असेल. मालकाच्या लेखी त्याने ‘एक सेटिंग’ बदलली; प्रत्यक्षात पाच गोष्टी बदलल्या. कोसळण्याचं मूळ त्यांतल्या कुठल्याही गोष्टीत असू शकतं, आणि माझा पहिला संशय बऱ्याचदा एक्सएमपीवर जातो.

म्हणूनच चाचणीत फक्त बार बंद करायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही. संगणक सुरू होताना Del किंवा F2 दाबून बायोसमध्ये जा. ‘Re-Size BAR Support’ किंवा तत्सम नावाची नोंद कुठे पीसीआयच्या उपविभागात, तर कुठे वरच्या पट्टीतच असते. ती ‘Disabled’ करा. ‘Above 4G Decoding’ चालूच ठेवा आणि सीएसएम पुन्हा चालू करू नका. ते केलं तर विंडोज सुरूच न होण्याची वेगळी डोकेदुखी मागे लागू शकते. डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी घ्या, कारण फर्मवेअरमधल्या बदलानंतर ती मागितली जाऊ शकते. एएमडीच्या कार्डासाठी बायोसमध्ये जायचीही गरज नसते, कारण अ‍ॅड्रेनालिन सॉफ्टवेअरमध्येच स्मार्ट अ‍ॅक्सेस मेमरीचं बटण मिळतं.

बार खरंच बंद झाला का, हे पाहून घ्या. एनव्हिडियासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा द्या:

```
nvidia-smi -q -d MEMORY
```

‘BAR1 Memory Usage’खाली एकूण आकडा 256 MiB दिसला तर बार बंद. आपल्या नमुन्यात 8192 MiB दिसला तर तो अजून चालू आहे. कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअरही हे सरळ सांगतं.

आता गेम किती वेळ चालवायचा? घाईने निष्कर्ष काढला जातो तो इथेच. समजा, बार चालू असताना गेम सरासरी 40 मिनिटांनी कोसळत होता. बंद करून 40 मिनिटं नीट चालला आणि आपण खूश झालो. पण कोसळण्याला ठरावीक वेळ नसेल, तर काहीही दुरुस्त झालेलं नसताना 40 मिनिटं निर्विघ्न जाण्याची शक्यता साधारण 37 टक्के असते. सरासरीच्या तिप्पट वेळ, म्हणजे दोन तास, गेम चालला तर ती शक्यता सुमारे 5 टक्क्यांवर येते. म्हणून निदान तिप्पट वेळ द्यावा, तोही त्याच नकाशावर आणि त्याच ग्राफिक्स सेटिंगवर. त्यानंतर बार पुन्हा चालू करून गेम परत कोसळतो का, हे पाहावं. बहुतेक लोक ही पायरी गाळतात. बंद केल्यावर थांबलं आणि चालू केल्यावर परत आलं, तरच बारकडे बोट दाखवता येतं.

दरम्यान विंडोजची नोंदवही बरंच काही सांगते. `eventvwr.msc` उघडून ‘System’मध्ये कोसळण्याच्या मिनिटाची नोंद शोधा. ‘Display’ची 4101 किंवा ‘nvlddmkm’ची नोंद असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला होता, कार्डाने सुमारे 2 सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं आणि बहुतेक गेमना तो धक्का सोसत नाही. ‘WHEA-Logger’च्या नोंदी दिसल्या तर मात्र रोख हार्डवेअरकडे वळतो: कार्डाची जोडणी, रायझर केबल, मेमरी किंवा प्रोसेसरचा ताण.

बारच दोषी ठरला तरी 8 जीबीच्या कार्डावर आणखी एक प्रयोग करण्यासारखा आहे. बार चालू असताना ड्रायव्हर काही माहिती साध्या रॅमऐवजी थेट कार्डाच्या मेमरीत ठेवू शकतो. मेमरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर तेवढ्यानेही तोल जातो. बार चालू ठेवून टेक्स्चरची पातळी एक पायरी खाली आणा. कोसळणं थांबलं तर खरी अडचण जागेची होती, आणि बार चालू ठेवूनही तुमचं भागेल.

तसं नसेल तर नवा ड्रायव्हर टाकून चाचणी पुन्हा करा. तरीही फरक पडला नाही, तर एका गेमपायी सगळ्यांचा बार काढायची गरज नाही. एनव्हिडियाच्या कार्डावर प्रोफाइल इन्स्पेक्टरमध्ये फक्त त्या गेमची ‘rBAR - Feature’ ही नोंद बंद करता येते. इंटेलच्या आर्क कार्डांचं वेगळं आहे. बारविना ती इतकी मंदावतात की तिथे बार बंद करणं निदानापुरतंच ठीक.

आणि बार बंद असतानाही गेम कोसळलाच, तर बार पुन्हा चालू करा आणि पुढच्या फेरीत एकटा एक्सएमपी बंद करून बघा.