साडेचारला सुट्टी, सहा आठवड्यांसाठी

डोंबिवलीहून फोर्टला येणारी एक लेखापाल साहेबांना अर्ज लिहिते आहे, असे समजू. ‘वेळेत सवलत मिळावी’ एवढेच लिहिले, तर अर्ज बाजूला पडतो. साहेबांची खरी अडचण वेगळीच असते: संध्याकाळी पाचला फोन आला, तर घेणार कोण?

त्याचे उत्तर अर्जातच हवे. सोमवार ते गुरुवार 8 ते 4.30, शुक्रवारी नेहमीप्रमाणे 9.30 ते 6; आठवड्याचे तास तेवढेच. साडेचारनंतरचे फोन शेजारचा सहकारी घेईल, आणि त्याचा होकार आधीच घेतलेला असावा.

मुदत सहा आठवडे, म्हणजे हिशेबाची एक महिनाअखेर त्यात येतेच. तेव्हा थकलेली बिले वाढली, तर जुनी वेळ परत. 2023 मध्ये मध्य रेल्वेनेही गर्दी विभागावी म्हणून कार्यालयांना वेळा बदलण्याची विनंती केली होती. तो दाखला अर्जात जरूर द्यावा.